न उचललेले दोन फोन

शिवणवाल्या ताई दारात उभ्या राहिल्या तेव्हा विमेवाले भाऊ दुपारची झोप काढून नुकतेच उठले होते. ताईंच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात अठरा वर्षांपूर्वी भाऊंनीच उतरवून दिलेली पॉलिसी होती.

"भाऊ, बोनस कधी मिळणार हो? पैसे तर दोनदा भरले."

"कसले पैसे?" भाऊंची झोप खाडकन उतरली.

ताईंनी सांगायला सुरुवात केली. आठ दिवसांपूर्वी एका माणसाचा फोन आला. मुख्य कार्यालयातून बोलतोय म्हणाला. पॉलिसीचा नंबर, जन्मतारीख, गेलेल्या यजमानांचं नाव, सगळं त्याने धडाधड सांगितलं. मोठा बोनस साठलाय, फाइल मोकळी करायला थोडे पैसे भरा, म्हणाला. ते भरल्यावर काल कराचे म्हणून आणखी मागितले. मुलीच्या बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेले त्यांनी भरून टाकले.

"अहो, पण मला एकदा विचारायचं ना!"

ताई खाली बघत म्हणाल्या, "दोनदा फोन केला होता. तो माणूस म्हणाला, तुमच्या एजंटनेच बोनस अडवून ठेवलाय, त्याला कळू देऊ नका. मला काही ते पटलं नाही, म्हणून तुम्हालाच लावला. तुम्ही उचलला नाहीत. मग वाटलं, तो म्हणतो ते खरंच असेल."

भाऊंना तो दिवस लख्ख आठवला. कॅरमचा डाव रंगात आला होता. ताईंचं नाव दिसलं तेव्हा, हप्त्याची तारीख विचारायची असेल, उद्या बघू, असं म्हणून त्यांनी फोन पालथा घातला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा आवाजच बंद केला. तो उद्या काही उगवला नाही.

त्यांनी ताईंच्या मोबाइलवरची पावती बघितली. "हे बघा, पैसे कुणाच्या नावावर गेलेत? कुण्या एका माणसाच्या. कंपनीचा हप्ता कंपनीच्याच खात्यात जातो, ताई."

तेवढ्यात त्याच माणसाचा फोन आला. भाऊंनी घेतला. "मी यांचा भाऊ बोलतोय. तुमचा परवाना क्रमांक आणि शाखा सांगा. मी शाखेत विचारून तुम्हाला उलट फोन करतो."

"शाखेत कशाला जाता? आज भरलं नाही तर बोनस रद्द होईल!"

"होऊ दे. क्रमांक सांगा."

पलीकडून एक शिवी आली आणि फोन बंद झाला.

भाऊंनी पॉलिसीच्या कागदावर छापलेल्याच नंबरवर कंपनीला फोन लावला. असा कुठलाही बोनस नाही, कुणी पैसे मागितलेले नाहीत, असं उत्तर मिळालं. मग बँकेकडे आणि सायबर पोलिसांच्या मदत क्रमांकावर तक्रार केली आणि रिक्षा करून दोघं शाखेत गेली. खिडकीवरच्या बाईंनी पडद्यावर पॉलिसी उघडून दाखवली.

"पॉलिसी शाबूत आहे. मुदत संपायला दोन वर्षं आहेत. बोनस दरवर्षी पॉलिसीत जमा होतो आणि मुदतीच्या रकमेबरोबरच मिळतो. तो सोडवायला पैसे भरावे लागत नाहीत."

"पण त्याला माझा नंबर, यजमानांचं नाव, सगळं ठाऊक होतं हो," ताई म्हणाल्या.

"माहिती कुठूनही फुटते. ती सांगितली म्हणून माणूस खरा ठरत नाही. कुणाचाही फोन आला तरी ठेवून द्यायचा आणि कागदावरच्या नंबरवर आपण लावायचा, नाहीतर सरळ इथे यायचं."

ही तीन वाक्यं. भाऊंनी अठरा वर्षांत ती ताईंना एकदाही सांगितली नव्हती. सह्या घेताना मात्र त्यांच्याकडे चहाबरोबर तास तास गप्पा मारल्या होत्या.

कालचे पैसे बँकेने वाटेतच रोखले, ते पुढे परत मिळाले. पहिले गेले ते गेलेच. मुलीच्या बाळंतपणात भाऊंनी पाकीट पुढे केलं, तर ताईंनी हात जोडले. "नको भाऊ. तुमची काय चूक?" ताई रागावल्या असत्या तर भाऊंना बरं वाटलं असतं.

त्यानंतर भाऊंनी जुनी वही काढली आणि रोज सकाळी एकेका ग्राहकाला फोन करू लागले. बरेचजण त्यांना विसरले होते. काही नंबर बदलले होते. एक शिक्षिका तर तुटकपणे म्हणाल्या, "तुम्हीच ते कशावरून? मी आधी शाखेत विचारते."

"विचारा, जरूर विचारा," भाऊ म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत त्या नावापुढे बरोबरची खूण केली. शिक्षिकाबाईंना हे शहाणपण कुणी शिकवलं होतं कोण जाणे, भाऊंनी तरी नव्हतं.