सतराचं पान

केनवडच्या वाचनालयात धावण्यावरचं एकच पुस्तक होतं आणि तेही रद्दीच्या गठ्ठ्यात बांधलेलं. दोन पावसाळे छत गळलं, अर्ज दोनदा गेले, कोणाच्या बापाला फरक पडला नाही. वाळवीला मात्र बातमी बरोबर लागली. मुखपृष्ठ तिनं खाल्लं, पुस्तकाचं नाव खाल्लं, लिहिणाऱ्या डॉक्टरचं अर्धं नाव खाल्लं. उरलेलं निताच्या हाती आलं.

निता तिथली ग्रंथपाल. वय छत्तीस. खुर्ची एक, कपाटं सात, वाचक मोजून अकरा. गठ्ठ्यातून ते पुस्तक तिनं सहज उपसलं आणि उभ्याउभ्याच वाचत राहिली. पहिलं वाक्यच असं होतं की, तुम्ही आयुष्यात कधी धावला नसाल, तर हे पुस्तक तुमच्यासाठी आहे. आपल्यासाठी म्हणून कोणी पुस्तक लिहितं, ही गोष्ट निताला नवीनच होती. पुढं बारा आठवड्यांचा कार्यक्रम होता. एका पानावर एक आठवडा, पाठीमागं नोंदीसाठी मोकळ्या रेघा. बाराव्या आठवड्याच्या शेवटी एकवीस किलोमीटर.

वाशीमला फेब्रुवारीत एकवीस किलोमीटरची शर्यत होती. तिनं नाव नोंदवलं आणि मग घरी सांगितलं. उलटं केलं असतं तर नाव नोंदवलंच गेलं नसतं, एवढी अक्कल तिला लग्नाच्या चौदा वर्षांत आली होती.

"एकवीस किलोमीटर?" सासू कमलीबाईनं तव्यावरची भाकर उलटली. "एसटी बंद झाली का वाशीमची?"

"शर्यत आहे, आई."

"कोनाच्या मागं पळाची?"

"कोणाच्या नाही. आपलं आपणच."

"मंग ते तं मी ऊसतोडीले बारा वर्सं करत होती. कोनी नंबर नाही चिटकवला मले छातीवर."

पुस्तकाची बांधणी नुसत्या गोंदाची होती आणि गोंद वाळून त्याचा भुगा झाला होता. पानं सुटी झाली, एकदा पंख्याखाली खोलीभर उडालीही. निता ती पिशवीत भरून वाशीमला मेहबूब चाचाकडं घेऊन गेली. मेहबूब चाचा म्हणजे बाजारातला बाइंडर. कोर्टाची रजिस्टरं, मदरशाच्या किताबा, शाळांच्या दाखल्यांची बाडं, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. साठी उलटली तरी सुईत दोरा स्वतः ओवायचा.

"कोपरे खाऊन टाकले वो वाळवीनं, मॅडम. पान नंबर नाही, आठोड्याचे आकडे नाही, काहीच नाही उरलं."

"लावा ना चाचा कसंबी. तुम्हाला काय सांगायचं."

हेच चुकलं. पण ते कळायला दोन महिने लागले.

आठ दिवसांनी पुस्तक आलं. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड, खाल्लेल्या प्रत्येक कोपऱ्याला पातळ कागदाचं ठिगळ. सुट्या पानांना कडेनं भोकं पाडून असं शिवलेलं, की ओढलं तरी हलणार नाही. निता खूश झाली. नोव्हेंबरच्या मधल्या सोमवारी तिनं बूट बांधले आणि रिठदच्या रस्त्याला लागली.

पुस्तक म्हणत होतं, जवळच्या उद्यानात धावा. केनवडला उद्यान! तिनं 'उद्यान' वाचायचं आणि डांबरी रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी समजायचं, असं ठरवून टाकलं. पुस्तक म्हणत होतं, बोलता येईल एवढ्याच वेगानं धावा. बोलताना धाप लागली तर वेग कमी करा. बोलायला सोबत कोणी नव्हतं, म्हणून ती तुरीच्या शेताकडं बघत वाचनालयाच्या कपाटांची यादी म्हणायची. कपाट चार, कादंबऱ्या. कपाट पाच, शेती. दुचाकीवरचे बाप्ये मागं वळून बघायचे. एकानं तर गाडी हळू करून विचारलं, "काय वहिनी, कोनाशी भांडन झालं घरी?" तिनं त्याला कपाट सहा ऐकवलं आणि पुढं गेली.

मधल्या तीन दिवशी थोडं धावायचं, रविवारी लांब. पहिला रविवार सहा किलोमीटर, दुसराही सहा. दुसऱ्या पानावर छापलं होतं, 'या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी केलं आहे. हा आराम चुकवू नका.' निता बुचकळ्यात पडली. कमी कुठं आहे? मागच्या वेळीही सहाच होते. आणि एका आठवड्यात कसला आराम? शहरातले डॉक्टर, दोन पावलं चालले की दमत असतील, असं म्हणून तिनं पान उलटलं. मग सात, आठ, परत आठ, नऊ, अकरा.

अकराच्या रविवारी डावी नडगी दुखायला लागली. हाडाच्या आतल्या कडेला बोट लावलं तरी कळ यायची. कमलीबाईनं तेल चोळून दिलं आणि चोळता चोळता विचारलं, "किती आठोडे झाले?"

"सात."

"रोज वाढूनच राह्यलं?"

"वाढवायचंच असते ना, आई."

"मुकादमबी हेच म्हने," कमलीबाई म्हणाली आणि तेलाची बाटली बंद केली.

सोमवारी सकाळी निता आठव्या आठवड्याचं पान उघडून बसली. रविवारी बारा किलोमीटर होतं. त्याखाली दोन ओळी होत्या. 'मागच्या रविवारी तुम्ही सतरा किलोमीटर धावलात. आता पाय जड वाटतील, म्हणून अंतर उतरवा.'

तिनं ते तीनदा वाचलं. सतरा? कोण धावलं सतरा? तिनं पुढची पानं उलटली. तेरा, पंधरा, आणि मग सतरा. त्याला अजून तीन आठवडे अवकाश. जे अजून झालंच नाही, ते पुस्तक मागं कसं सांगतं? नडगीचं दुखणं विसरून ती त्या दोन ओळींतच अडकली. दहाच्या एसटीनं वाशीम गाठलं.

"चाचा, ही पानं कशी लावली तुम्ही?"

मेहबूब चाचानं चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "आकडे पाहून. सहा, सहा, सात, आठ... लहान आधी, मोठे मागून. काहून? सुटलं का कुठी?"

"सुटलं नाही. चुकलं. माझी नडगी गेली यात!"

"मॅडम, चाळीस वर्सं झाली मले. कोर्टाचं बाड आजवर उलटं नाही शिवलं."

"कोर्ट धावत नाही, चाचा!"

शेजारचा चहावाला हसला. चाचाला ते लागलं असावं, पण तो आता तिनं पुढं केलेल्या बाराच्या पानाकडंच बघत होता. दोन ओळी त्यानं मोठ्यानं वाचल्या. मग कात्री घेतली आणि स्वतःचीच शिलाई कचाकचा कापली. बारा पानं गादीवर पसरली आणि एकेक उचलून बल्बसमोर धरलं. ठिगळाच्या आत वाळवीनं खाल्लेल्या कडेची काळी रेघ दिसत होती.

"हे पाहा. मुखपृष्ठ येगळं खाल्लं तिनं, पण कोपऱ्यात वाळवी मागच्या पुठ्ठ्यातून शिरली. मागच्या पानावर तिनं घास मोठा घेतला. पुढं पुढं लहान झाला. एकावर एक ठेवलं तं वाटीत वाटी बसते तसं बसते."

तो लावत गेला, निता बघत राहिली. एकवीसच्या पानाची वाटी सगळ्यात मोठी. तिच्यात बसलं बारा. बारामध्ये सतरा, मग पंधरा, तेरा. नंतर अचानक आठ. मग अकरा, नऊ, आणि पुन्हा खाली सहा. मग आठ, सात, आणि सगळ्यात लहान घास पुन्हा सहाच्या पानाचा. चाचानं गठ्ठा उलटून पहिल्यापासून मोजला. सहा, सात, आठ, मग सहा. नऊ, अकरा, मग आठ. तेरा, पंधरा, सतरा, मग बारा, मग शर्यत.

"या अल्ला," तो म्हणाला. "चढूनच जात नाही हे. चढते, उतरते. वाळवीले कळलं अन् मले नाही कळलं."

"पण शर्यतीच्या आधी कमी काहून?" निताचा राग कुठं गेला ते तिलाच कळलं नाही. "मी तर म्हणते तेव्हाच जास्त पाहिजे."

चाचानं शेजारच्या शिकंज्याकडं बोट केलं. पोलादी पाट्यांमध्ये आवळलेलं एक रजिस्टर त्यात होतं. "खळ लावली की त्यात दाबून ठेवतो मी. त्या वक्ताले हात नाही लावत. मानूस म्हनते, नुसतं पडून हाय, काम कुठी चालू हाय? खरं काम तवाच होते. आधी काढलं तं पुठ्ठा वाकडा."

निता बोटांवर मोजत होती. शर्यतीआधी चारच रविवार उरले होते. आरामाचे दोन आठवडे तिनं सुरुवातीलाच, गरज नसताना, वापरून टाकले होते. तेरा, पंधरा, सतरा, बारा असं धावलं तर चार रविवार बरोबर भरतात, पण नडगी टिकणार नाही. आता अकरानंतरचं आरामाचं आठ घेतलं तर एक पान गाळावं लागतं.

"दोन आठवडे एकात करू का?"

चाचानं प्रस्तावनेची पानं चाळली आणि एका ओळीवर नख ठेवलं. 'राहून गेलेलं अंतर नंतर भरून काढू नका. दुखत असेल तर आधी थांबा. सुरुवातीच्या रेषेवर धड पोचणं ही अर्धी शर्यत आहे.'

नितानं ती ओळ पुन्हा वाचली. मग गादीवरून सतराचं पान उचललं आणि चाचाच्या हातात दिलं. "हे ठेवा तुमच्यापाशी. मी आठ, तेरा, पंधरा, बारा करते."

"सतरा न करता एकवीस होते काय?"

"माहीत नाही," निता म्हणाली. "म्हणून तर बघायचं."

पाच दिवस ती धावली नाही. कपाटांची यादी ओट्याशी म्हटली. रविवारपर्यंत बोट लावलं तरी नडगी दुखत नव्हती, म्हणून हळूहळू आठ केले. तेरा झाले, पंधरा झाले, बारा झाले. पंधराच्या दिवशी कमलीबाई दारात उभी होती. "आज लंगडत नाही आली," एवढंच बोलली आणि आत गेली.

शर्यतीच्या सकाळी पोरं बंदुकीतून सुटल्यासारखी पळाली. निता मागं राहिली. कपाट एक, संतवाङ्मय. कपाट दोन, चरित्रं. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी ती एक मिनिट चालायची, दोन घोट प्यायची, पुन्हा धावायची. दहाव्या किलोमीटरनंतर सुरुवातीची सुसाट पोरं रस्त्याच्या कडेला कंबर धरून उभी दिसायला लागली. पंधराची पाटी मागं गेली. इथून पुढं तिचे पाय कधी आलेच नव्हते. भीती वाटावी अशी जागा, पण तिला बघायचंच होतं.

सतराच्या पाटीशी, बाजाराच्या गल्लीच्या तोंडाला, मेहबूब चाचा उभा होता. टोपी, लुंगी, आणि हातात ते पान. ती चालायला लागली तसा तोही सोबत चालायला लागला.

"सांग बेटी, काय हाय सतरात?"

"काही नाही, चाचा. मांड्या दगड झाल्या. डोकं म्हणते, रिक्षा कर."

"अन् नडगी?"

"गुपचूप आहे."

"मंग थांबू नको. पान मी शिवतो."

ती पळाली. पुढचे चार किलोमीटर तिनं धावत, चालत, पुन्हा धावत संपवले. तीन तासांना सहा मिनिटं कमी. गळ्यात पदक पडलं तेव्हा तिच्यामागं अजून चाळीसेक माणसं यायची होती, आणि त्यातली निम्मी लंगडत होती.

शर्यतीनंतर बाकीची पानंही ती चाचाकडं देऊन आली, आणि मंगळवारी पुस्तक शिवून परत आलं. पानं चढत-उतरत, वाळवीच्या हिशेबानं लावलेली. ठिगळांवर चाचानं बारीक अक्षरात आठवड्यांचे आकडे घातले होते, एक ते बारा. निता ते कपाटात ठेवणार, तेवढ्यात दारात कमलीबाई. चौदा वर्षांत पहिल्यांदा वाचनालयात आलेली.

"ते पुस्तक दाखव मले."

"तुम्हाला वाचता कुठं येते, आई?"

"तुले येते ना. मंग वाच. पहिल्या सहाच्या आधी काय लिहेल हाय? मले तेथूनच सुरू कराचं हाय."