डॉक्टरांच्या परवानगीने

लीलाधर डॉक्टरांचा निरोप आला तेव्हाच मला वाटलं होतं, हे प्रकरण गोड बोलण्याने सुरू होतंय म्हणजे कडू होऊन संपणार. शिक्षकांच्या खोलीत त्यांचा कंपाउंडर भिकन पेढ्यांचा पुडा आणि एक लिफाफा घेऊन उभा. लिफाफ्यात मराठीत टाइप केलेली पानं होती. सांधेवाताच्या एका नव्या गोळीची चाचणी जळगावात डॉक्टरांच्या दवाखान्यात होणार होती आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाला वाचायला, सही करायला द्यायचं ते संमतिपत्र होतं.

माझं काम सोपं होतं. गोळी बनवणाऱ्या कंपनीचा मूळ कागद इंग्रजीत. त्याचं मराठी कॉलेजातून निवृत्त झालेल्या शालिग्राम सरांनी केलेलं. मी ते मूळ इंग्रजी न बघता मराठीचं परत इंग्रजी करायचं. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं, मराठीत काही निसटलंय का, काही घुसलंय का. मुलींच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय, मला हे आवडलं. पुढे मास्तरांनी पकडू नये म्हणून मुली गणिताचं उत्तर उलटं करून ताळा बघतात, तसंच हे. मी दोन दुपारी बसून लिहिलं आणि देऊन टाकलं. पेढे शाळेतल्या शिपाईबाईंना दिले.

चार दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. केबिनमध्ये शालिग्राम सर आधीच बसलेले, धोतराचा सोगा मांडीवर, तोंड आंबट.

"सुनंदाबाई, तुमचं इंग्रजी चुकलंय," डॉक्टर म्हणाले. "तीन ठिकाणी."

"दाखवा."

त्यांनी कंपनीचा मूळ कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, हा मी बघायचाच नाही, तुम्हीच सांगितलंत. "आता बघा हो," ते म्हणाले, "आणि तुमचं याच्याशी जुळवून द्या. शुक्रवारी कंपनीची बाई मुंबईहून येतेय. चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीची बैठकही त्याच दिवशी. मराठी कागद छापायलासुद्धा गेलाय."

बघितलं. मूळ कागदात होतं, रुग्ण केव्हाही, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडू शकतो, आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. शालिग्राम सरांच्या मराठीत होतं, 'डॉक्टरांच्या परवानगीने आपण केव्हाही चाचणीतून निवृत्त होऊ शकता.' उपचारांचं वाक्य गायब. मूळ कागदात होतं, औषधामुळे किंवा चाचणीतल्या तपासण्यांमुळे इजा झाली तर उपचारांचा खर्च आणि भरपाई कंपनी देईल, आणि सही केली म्हणून रुग्णाचा कायदेशीर हक्क जात नाही. मराठीत होतं, 'डॉक्टर योग्य समजतील ती मदत केली जाईल.' तिसरं तर कहरच. मूळ कागद सांगत होता की रुग्णाची नोंद कंपनीची तपासणारी माणसं आणि सरकारी अधिकारी दवाखान्यात येऊन बघू शकतील, नाव वगळून ती परदेशी जाईल, आणि रुग्ण मधे सोडून गेला तरी तोपर्यंतची माहिती कंपनी वापरत राहील. मराठीत एकच ओळ होती, 'आपली माहिती कोणालाही कळणार नाही.'

"माझं इंग्रजी चुकलेलं नाही," मी म्हटलं. "मराठीत जे आहे तेच मी लिहिलंय. चुकलंय ते मराठी."

शालिग्राम सर उसळले. "चुकलंय? अहो, आपल्याकडे डॉक्टरला न विचारता कोणी उपचार सोडून उठून जातं का? कुठल्या घरात असली रीत आहे? 'गरज सरो वैद्य मरो' हे शिकवायचंय का आपण खेड्यातल्या माणसाला? आणि तुमची माहिती पंचवीस माणसं बघतील असं लिहिलं तर तो सही करेल का? धीर द्यायचा की घाबरवायचं?"

"धीर खोटा असला तर घाबरलेला बरा."

"बाई, तुम्ही शाळेत शिकवता. मी भाषा शिकवली आहे."

हे मला झोंबलं. मी म्हटलं, "सर, भाषा शिकवली असेल, पण हक्क मागायला परवानगी लागली तर तो हक्क कसला, एवढं तरी पोरांना शिकवायचं होतं."

डॉक्टरांनी हात वर केला. गोड आवाज संपला होता. "हे बघा, उलट भाषांतर बरोबर आहे असं प्रमाणपत्र तुम्हाला द्यायचंय. तुमच्या इंग्रजीतली तीन वाक्यं बदलून टाइप करून घेतो, तुम्ही सही करा. नाहीतर चाचणी पुढे ढकलली जाईल, कदाचित दुसऱ्या गावाला जाईल. माझ्या यादीत पहिलं नाव कोणाचं आहे माहीत आहे? तुमच्या सुकदेवचं."

सुकदेव माझा धाकटा भाऊ. भडगावजवळ गिरणा नदीच्या काठाला त्याची शेती. दोन वर्षांपासून त्याच्या बोटांचे सांधे सुजलेले. सकाळी बैलाची दोरीसुद्धा त्याला धरता येत नसे. तरी मी उठले आणि सही न करता बाहेर आले. राग इतका आला होता की चप्पल उलटी घातली.

बातमी भडगावला माझ्याआधी पोचली. भिकनने पोचवली असणार. दुसऱ्याच दिवशी सुकदेव दारात उभा. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरूनच, आमच्या गावच्या बोलीत, बोलायला लागला.

"अक्का, तू मनी बहीन शे का वैरीन? डॉक्टरना मानूस सांगे, तुनामुये बठ्ठं काम आडी गयं."

"सुकदेव, आयकी तं ले. त्या कागदमा लिखेल शे, डॉक्टरनी परवानगी बिगर तुले सोडता येवाव नही."

"मंग? डॉक्टरले इचारा बिगर मी कसाले सोडसू? गोया फुकट, रक्त तपासनी फुकट. अन् तू एक सही कराले तयार नही." त्याने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. बोटं वाकडी, गाठी आलेली. "तुले कागद दिसस. माले मना हात दिसस."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. "आते तुना घरनं पानी बी नको," तो म्हणाला आणि गेला. आमच्यात भाऊ बहिणीच्या दारातून पाणी न पिता परत जात नाही. मी तांब्या तसाच खाली ठेवला आणि रडले. मग स्वतःचाच राग आला. एक सही, खरंच. कोणाचं काय अडलं होतं? इंग्रजी कागद कपाटात राहणार, मराठी सुकदेवच्या हातात. आणि तेच तर सगळं होतं. उद्या त्याला काही झालं तर तो माझं इंग्रजी वाचणार नव्हता.

शुक्रवारी मी शाळेतून अर्धी रजा घेतली आणि बोलावणं नसताना दवाखान्यात गेले. मुंबईची बाई तरुण होती, केस आखूड, पुढ्यात फाइल. तिच्या शेजारी समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. माझ्या नावाचं प्रमाणपत्र टेबलावर तयार होतं, खाली सहीची जागा मोकळी. जोडलेल्या इंग्रजीत तिन्ही वाक्यं मूळ कागदासारखी चकचकीत झाली होती.

"हे माझं भाषांतर नाही," मी म्हटलं. माझा मूळ हस्तलिखित मसुदा त्यावर ठेवला. "हे माझं. मराठी पान घ्या आणि दोन्हींपैकी कुठलं खरं ते तुम्हीच बघा."

डॉक्टर म्हणाले, "किरकोळ भाषेचा प्रश्न आहे." न्यायाधीशांनी चष्मा चढवला, मराठी पान वाचलं, परत वाचलं. "परवानगीने?" एवढंच म्हणाले. मुंबईच्या बाईच्या कपाळावर आठ्या पडल्या. तिला माझा राग आला होता हे दिसत होतं, तिची परतीची गाडी होती. पण ती म्हणाली, "डॉक्टर, फरक सापडला तर मराठी बदलायचं असतं. उलट भाषांतर दुरुस्त करायचं नसतं. हे छापलेलं वापरता येणार नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. छापलेला गठ्ठा त्यांच्या खुर्चीमागे होता. "मग लिहा आता तुम्हीच," ते म्हणाले.

"मी लिहिलं तर परतीचं इंग्रजी माझ्याकडे नको. ते तिसऱ्याच माणसाला द्या," मी म्हटलं. ते धुळ्याच्या एका वकिलाकडे गेलं.

शालिग्राम सरांबरोबर बसून मी ती वाक्यं केली. बसून म्हणजे भांडून. त्यांनी एकदाही मला चहा विचारला नाही. मी लिहिलं, 'तुम्ही केव्हाही चाचणी सोडू शकता. कारण सांगायची गरज नाही. कोणाची परवानगी लागणार नाही. तुमचे नेहमीचे उपचार चालू राहतील. डॉक्टर तुमच्यावर रागावणार नाहीत.'

सरांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे मुळात कुठे आहे?"

नव्हतं. सुकदेवसाठी मीच घातलं होतं. त्याला कारण सांगण्याची नाही, डॉक्टरच्या रागाची भीती होती, मला माहीत होतं. "तुमचा धीर चालतो, माझा नाही?" सर म्हणाले. मी ते खोडलं. परवानगीचं वाक्य मात्र मी धरून ठेवलं. कारण सांगायचं नाही म्हणजे परवानगीही मागायची नाही, हे आपल्या माणसाला उघड लिहिल्याशिवाय कळत नाही. सर त्यावर तासभर भांडले आणि मग 'राहू द्या' म्हणाले. समितीनेही ते राहू दिलं.

चाचणी उशिरा सुरू झाली, पण जळगावातच झाली. सुकदेवने सही केली. मला कळवलं नाही. राखीला आला नाही. डॉक्टर रस्त्यात भेटले तर मान वळवायचे. शालिग्राम सर वाचनालयात माझ्या टेबलावरून उठून जायचे. मीही काही कमी नव्हते, मी आधी उठायची.

थंडी सुरू झाली तेव्हा भागाबाईचा, सुकदेवच्या बायकोचा, शाळेत फोन आला. "अक्का, त्यासना पाय सुजी जायेल शेत. पोट जयस, आग पडस. आज दवाखानामा येई ऱ्हायनात. तुम्हले सांगू नको म्हने."

मी गेले. बाहेरच्या बाकावर ती दोघं बसली होती. सुकदेवने मला बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पलीकडच्या बाकावर बसले. नंबर लागला तशी मीही आत घुसले. डॉक्टरांच्या कपाळाला मला बघून आठी पडली.

त्यांनी पाय दाबून बघितले. "थोडी सूज आहे. दोन आठवड्यांनी तपासणी आहेच, तोवर गोळ्या घ्या. मधेच सोडू नका, सगळा हिशेब बिघडतो."

मला वाटलं, झालं, आता सुकदेव मान हलवेल. माझी जीभ वळवळत होती, पण हे त्याने बोलायचं होतं. त्याने शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. पिशवीतून कागद. घड्या पडून पडून मऊ झालेला. वाकड्या बोटांनी तो उलगडायला त्याला वेळ लागला.

"डॉक्टरसाहेब, मी आते ह्या गोया खावाव नही."

"अहो सुकदेव भाऊ, असं कसं? काय झालं काय?"

"कारन सांगानी गरज नही. अठे लिखेल शे." बोट ओळीखाली फिरत होतं. सातवी शिकलेला माणूस, एकेक शब्द जोडत वाचत होता. "मनी नेहमीनी दवाई चालूच ऱ्हाई. अन् ह्या गोयास्मुये पोट बिघडेल व्हई तं तपासनी अन् दवाईना खर्च कंपनी दी. आजपावतना कागद तुम्ही ठेवा, वापरा. नाव तेवढं बाहेर जावाव नही."

डॉक्टर कागदाकडे बघत होते. मग माझ्याकडे. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. शेवटी त्यांनी फाइल ओढली, तारीख टाकली, जुन्या गोळ्यांची चिठ्ठी लिहिली आणि पोटाच्या तपासणीच्या कागदावर खर्च कंपनीकडे असा शेरा मारला. हात रागाने जड पडत होता, पण लिहिलं सगळं.

बाहेर आल्यावर सुकदेवने कागद परत घडी घालून पिशवीत ठेवला. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"देखं, अक्का? उगाच डॉक्टरले नावं ठेवत व्हतीस. केवढं साफ लिखी देयेल शे त्यासनी. तुनं आयकतू तं हाऊ कागद मना हातमा उना नसता."

भागाबाई माझ्याकडे बघून घाबरली. माझं तोंड तसंच झालं असणार. सगळं ओठावर आलं होतं, चप्पल उलटी घातल्यापासूनचं सगळं.

"पानी पेशी का?" मी विचारलं.

"तुना घरनं?" तो म्हणाला. पिशवी शर्टाच्या खिशात सरकवली. "देखसूत."