डोळे आखणारीचं नाक

पहिला थेंब पडला तो बाप्पाच्या गालावर. अंगाचा रंग वाळला होता, फक्त डोळे राहिले होते. मी वाकून पापणीची रेघ ओढत होते आणि माझ्या नाकातून टपकन लाल ठिपका उमटला. पदराने पुसायला गेले तर तो आणखी पसरला. गाल पुन्हा रंगवावा लागला. दुसऱ्यांदा सोंडेवर, तिसऱ्यांदा पितांबरावर. तिसऱ्या वेळी हैबतराव बाजूलाच उभे होते. पेणमधला आमचा कारखाना त्यांचा.

"देवाच्या अंगावर रगत?" ते म्हणाले. "सगुणा, आणखी एक थेंब पडला तर तुझी आखणी बंद. मग पॅकिंगला बसायचं, समजलीस?"

समजले. आमच्याकडे डोळे आखणाऱ्याला मान असतो. बाकीचे मूर्ती ओततात, घासतात, रंगवतात, पण डोळे आखल्याशिवाय ती नुसती मातीच. मला पेंढ्यात मूर्ती गुंडाळायला बसवलं असतं तर मी घरी गेले असते, आणि घरी जाऊन काय केलं असतं ते मला माहीत नाही. दुसरं काही मला येत नाही.

आता माझी गोची ऐका. घासकामाची धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली. नाक कायम चोंदलेलं. तोंडाने श्वास घ्यावा तर तो ओल्या रेघेवर जातो, आणि शिंक आली की बाप्पा तिरळा. म्हणून पेणच्याच एका डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. "रोज घ्या" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. स्प्रेने नाक थोडं मोकळं झालं आणि रक्त सुरू झालं. बंद केला की शिंका, घेतला की रक्त. पावसाळ्यात कारखान्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिक बांधलेलं असतं, आत रंगाचा वास कोंडलेला. त्यात मी बसायचे आणि वाटायचं, या प्लॅस्टिकच्या आतच आपलं संपणार.

पेणमध्ये पुन्हा दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथल्या बाकड्यावर बसलं की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. म्हणून रोह्याची गाडी पकडली. तिथे डेबोरा डॉक्टर आहेत, नाक-कान-घशाच्या. आपल्या कोकणातल्याच ज्यू. त्यांचे सगळे नातेवाईक इस्रायलला गेले, या मात्र जवळच्या धाटावच्या कंपन्यांतल्या कामगारांची नाकं तपासत राहिल्या. बोलायला फटकळ. मला तशीच माणसं बरी वाटतात.

त्यांनी चिमट्याने नाक फाकवून आत उजेड टाकला. "डावं चांगलं हाय. उजव्या बाजूला मधल्या पडद्यावर जखम हाय, वर खपली. स्प्रे कसा घेता ते करून दाखवा बघू."

मी बाटली काढली. मान मागे टाकली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत मारला, मग त्याच हाताने उजव्या नाकपुडीत मारला आणि घोरल्यासारखा जोरात ओढला.

"डावा हात मोडलाय का?"

"नाय ओ. आमच्यात चेहऱ्याला डावा हात लावीत नायत."

ते खरंच होतं. मला शिकवणाऱ्या बाबाजीकाकांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, डावा हात मूर्तीच्या पाटाला, चेहऱ्याला फक्त उजवा. ते इतकं अंगात भिनलं की मी स्वतःच्या तोंडावरचा घामसुद्धा डाव्या हाताने पुसत नाही.

डॉक्टर हसल्या नाहीत. माझा उजवा हात धरून त्यांनी बाटलीचं टोक माझ्या उजव्या नाकपुडीशी आणलं. "बघा, ह्या हातानं ह्या बाजूला धरलं की टोक मधल्या पडद्याकडं वळतं. रोज औषधाचा फवारा एकाच जागी. सोलणारच. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. टोक थोडंसंच आत, पडद्याला टेकवायचं नाय, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडं रोखायचं. मान मागे नाय, जरा पुढं. आणि ओढायचं हळू, फूल हुंगल्यागत. जोरात ओढलं तर औषध घशात जातं."

मग मिठाच्या पाण्याची चौकशी झाली. मी आधी स्प्रे मारायचे आणि मग, ती चव जावी म्हणून, नळाच्या पाण्यात धरमतरच्या मिठागरातलं खडं मीठ मूठभर टाकून नाक धुवायचे. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला.

"म्हणजे औषध घ्यायचं आणि धुऊन टाकायचं! वर जखमेवर मीठ!"

त्यांनी मिठाच्या तयार पुड्या दिल्या. पाणी उकळून कोमट केलेलं, पुडीवर लिहिलंय तेवढंच. पुढे वाकून, मान कलती करून, तोंड उघडं ठेवून एका बाजूने हळू सोडायचं. धुणं आधी, स्प्रे थोड्या वेळाने. जखम भरेपर्यंत उजव्या बाजूला स्प्रे बंद, नुसतं मलम. रक्त आलंच तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. "स्प्रेचा गुण यायला आठवडे लागतात. रोज घ्यायचा. आणि धुतल्यावर वाकून, मान दोन्हीकडं वळवून पाणी पुरतं निथळू द्या. आत साठलेलं नंतर कधीही बाहेर येतं."

परतीच्या गाडीत मी रडले. आजार एवढाच होता, हाताचा! इतके दिवस मी देवाचा कोप समजत होते.

जखम भरेपर्यंत आखणी टाळायला हैबतरावांना रंग संपल्याचं, कंबर धरल्याचं काय काय सांगितलं. डावा हात पहिल्यांदा नाकाशी नेताना मनातल्या मनात बाबाजीकाकांची माफी मागितली. पण रक्त थांबलं. महिन्याभरात नाक मोकळं झालं.

मग पनवेलच्या एका मंडळाची मोठी मूर्ती आली. मंडळाची माणसं डोळे आखताना बघायला आलेली, हैबतराव छातीवर हात बांधून उभे. सकाळी उशीर झाला होता. नाक धुतलं, पण निथळायला थांबले नाही. बाहुलीचा ठिपका ठेवायला वाकले आणि नाकातून काहीतरी सरकलं. हात आखडला. थेंब पडला, थेट बाप्पाच्या गालावर.

मी डोळे मिटून घेतले. पॅकिंग, पेंढा, घर, सगळं दिसलं.

कुणी ओरडलं नाही. डोळे उघडले तर थेंब पाण्यासारखा स्वच्छ होता. हैबतरावांनी हात जोडले होते.

"डोळे भरून आले ओ तिचे," ते मंडळाच्या माणसांना म्हणाले. "बाप्पाचे डोळे उघडताना कारागीर रडतो, असा कारखाना दाखवा दुसरीकडं."

त्या माणसांनीही हात जोडले. एकाने फोन काढून व्हिडिओ घेतला. मी उरलेली बाहुली आखली. हात जराही हलला नाही.

लोक गेल्यावर मी हैबतरावांना खरं सांगितलं. डावा हात, उजवा हात, न निथळलेलं मिठाचं पाणी, सगळं. त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

"माझ्याजवळ बोललीस तेवढं बस. भायेर नाय बोलायचं."

तो व्हिडिओ फिरला. आता गिऱ्हाईक आखणीची वेळ विचारून येतं आणि माझ्या डोळ्यांकडे टक लावून बघत राहतं. एकदा मी नाक नीट निथळून बसले, तर कोरडी आखणी बघून लोक हिरमुसून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतराव स्वतः माझ्यासाठी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"धुवून घे," ते म्हणाले. "पण वाकून निथळू नको हां, सगुणा."