तिकिटाचे तीन भाव

आमच्या ऑफिसात विमानाची तिकिटं विकली जातात. कंपन्यांचे भाव डॉलरमध्ये येतात, आम्ही रुपयांत दाखवतो. पण एकाच तिकिटाचे तीन भाव दिसत होते, कारण तीन जणांनी तीन ठिकाणी डॉलरचा आपापला दर लिहून ठेवला होता. यादीच्या पानावर कुणाचा तरी जुनापुराणा ७२.४० कुजत पडला होता. बिलाच्या पानावर आजचा दर, पण दोन दशांशांवर कापलेला. पावतीवर पूर्ण दर, आणि शेपटासारखे लोंबणारे चार दशांश. गिऱ्हाइकं फोनवर शिव्या घालायची.

"हे निस्तर," मॅडम म्हणाल्या. आले दुसऱ्यांच्या चुका धुवायला मीच!

दर एकाच जागी ठेवला, ८४.१६२५, एक आकडाही न कापता. सगळी पानं तिथूनच दर घेणार. गुणाकार पुरता करायचा आणि दाखवताना तेवढं दोन दशांशांवर आणायचं, सगळीकडे तसंच. दुपारी बदल चालू केला. तिन्ही पानांवर एकच आकडा पाहून मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

तेवढ्यात आईचा फोन.

"तुमच्या दुकानाला आग लागो! सकाळी दोघांचं तिकीट एक लाख बत्तीस हजार एकशे तीस होतं. आता एक लाख त्रेपन्न हजार पाचशे शहाण्णव आणि वर छप्पन्न पैसे!"

"तू कशाला तिकिटं बघतेस?"

मग कळलं. दादाची मुलगी तिकडे परदेशात रांगायला लागली होती. शिवणाच्या पैशांतून आईने ते एक लाख बत्तीस हजार जमवले होते, मला न सांगता, आणि आज बाबांना घेऊन तिकीट काढायला बसली होती.

"जुना भाव परत लाव ना, तासाभरासाठी."

"आई, दर एकाच जागी आहे, बदलला तर सगळ्या गावाला बदलेल. आणि त्या भावात तिकीट कधी नव्हतंच गं. ते पान चुकीचं दाखवत होतं. पैसे भरायला गेली असतीस तर तिथे जवळपास हाच आकडा आला असता."

"कधीच नव्हतं?"

"नाही."

स्वतःच्याच कामाचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"वरचे मी घालते," मी म्हटलं.

"तुझे घराचे दोन हप्ते थकलेत, मला माहीत नाही का?" तिचा आवाज बारीक झाला. "जमवेन मी. शिवणं आहेत."

"मग झालं तर. तोवर पोरगी चालायला लागेल, धावत येईल तुझ्याकडे."

"धावत कशाला येईल?" आई म्हणाली. "तोवर तिला परकं माणूस कळायला लागेल. मला बघून ती रडेल."