रंगूनची तार

भवानीने जाहिरातीचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. केंद्र सरकारच्या परीक्षेला बसणारा उमेदवार २ जानेवारी १९३८ च्या आधी जन्मलेला नसावा, अशी ती ओळ होती. तिच्या एस.एस.एल.सी.च्या, म्हणजे मॅट्रिकच्या दाखल्याच्या पुस्तकात जन्मतारीख होती १ जानेवारी १९३८.

एका दिवसाने ती बाद होत होती. पुढच्या वर्षी वय आणखी वाढणार, म्हणजे हीच शेवटची संधी. गणितात बी.ए. होऊन चार वर्षे ती शाळेत शिकवत होती आणि पहाटे उठून या परीक्षेचा अभ्यास करत होती.

"मामा, माझा जन्म रंगूनला रात्री बारा वाजून गेल्यावर झाला, असं अम्मा नेहमी सांगते. मग तारीख एक कशी?"

मला लगेच कळले.

ती एक तारीख माझ्या हातची होती. भवानीची आई सीतालक्ष्मी माझी धाकटी बहीण. तिचे यजमान रंगूनला रेल्वेच्या कचेरीत होते. भवानी झाल्याची तार तंजावरला आली तेव्हा मी तिथल्या शाळेत गणित शिकवत होतो. पत्रिका करायला बसलो. आमच्या पंचांगातल्या वेळा भारतीय घड्याळाच्या, आणि रंगूनचे घड्याळ आपल्या एक तास पुढे. नक्षत्र पाहण्यासाठी तारेतल्या १२.२० मधून एक तास वजा केला आणि पत्रिकेच्या माथ्यावर व्यवस्थित लिहिले: १ जानेवारी १९३८, रात्री ११.२०. हिशेब बरोबर होता. पुढे लढाईत बहीण एका ट्रंकेनिशी परत आली, रंगूनचा जन्मदाखला तिकडेच राहिला, आणि भवानीला शाळेत घालताना फॉर्म मी भरला. पत्रिका पुढे ठेवून तारीख उतरवली. पत्रिकेतली वेळ भारताची आणि जन्म रंगूनचा, हे तेव्हा मनातही आले नाही.

हे सगळे मी भवानीला सांगितले. ती रागावली असती तर बरे वाटले असते. ती म्हणाली, "मग आता दुरुस्त करायचं."

मी आयुष्यात कुठल्या साहेबापुढे उभा राहून वाद घातलेला नाही. दुकानदाराने कमी वजन दिले तरी मी पिशवी उचलून येतो. पण त्या दिवशी ठरवले की या वेळी माघार घ्यायची नाही. अर्जाच्या मुदतीला अठरा दिवस होते.

आधी तार शोधायची होती. वाचताना जो कागद हाताशी असेल तो पुस्तकात खूण म्हणून ठेवायची मला वाईट सवय आहे. मद्रासला एग्मोर स्टेशनमागच्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकांखेरीज फारसे काही नाही. तीन दिवस मी आणि सीतालक्ष्मीने एकेक पुस्तक झटकले. "अण्णा, यातली निम्मी तुम्ही वाचलीही नसतील," ती म्हणाली. खरे होते. चौथ्या दिवशी त्याच वर्षाच्या पंचांगात, पौष महिन्याच्या पानांत तार सापडली. शोध तिथून सुरू करायला हवा होता.

शिक्षण खात्याच्या कचेरीत वेंकटरमण नावाच्या अधिकाऱ्यापुढे आमचा तारीख दुरुस्तीचा अर्ज होता, सोबत तार आणि पत्रिका. माणूस सभ्य, पण असे अर्ज रोज पाहणारा. वय कमी करायला लोक काय काय आणतात हे त्यांनी आम्हाला तमिळमध्ये शांतपणे ऐकवले. मग तार हातात घेतली. मजकूर इंग्रजी: मुलगी झाली, रात्री बारा वीस, दोघी सुखरूप. त्यांनी वरचा भाग वाचला, मागचा शिक्का वाचला, आणि तार माझ्याकडे सरकवली.

"सार, ही रंगूनला दोन तारखेला सकाळी ७.१० ला दिली, आणि तंजावरला दोन तारखेलाच ६.५५ ला पोचली. देण्याच्या पंधरा मिनिटं आधी पोचली. हा कागद बनवणाऱ्याला साधी वेळही जुळवता आली नाही."

तार माझ्याजवळ इतकी वर्षे होती आणि ही गोष्ट मी पाहिलीच नव्हती. एक क्षण माझीच माझ्या कागदावरची खात्री उडाली. भवानी काही बोलणार होती. मी हात वर केला.

"हाच पुरावा आहे," मी म्हणालो. "रंगूनचं घड्याळ एक तास पुढे. तिथे ७.१० तेव्हा इथे ६.१०. तार पाऊण तासात आली. दोन्ही शिक्के खरे आहेत, घड्याळं दोन आहेत."

त्यांनी पेन्सिलीने वजाबाकी केली. मग पत्रिका ओढून घेतली. बारा वीसमधून एक तास गेला की अकरा वीस, हेही त्यांनी ताडून पाहिले.

"म्हणजे तुम्हीच सांगता की भारताच्या वेळेने ही एक तारखेला जन्मली. नेमकं वय काढायचं तर तेच धरायला हवं."

"नेमकं वय मिनिटांत काढायचं तर दोन्ही टोकं एकाच घड्याळाने मोजावी लागतात. मग रंगूनचं घ्या की मद्रासचं, उत्तर एकच येतं. पण फॉर्म मिनिटं विचारत नाही, तारीख विचारतो. तारीख जिथे जन्म झाला तिथली."

"आपण इथे आहोत."

"ती इथे जन्मली नाही."

मी पुढे म्हणालो, "जन्माची तारीख दुसऱ्या गावच्या घड्याळाने लिहायची म्हटलं तर लंडनचं का नको? मग मद्रासमध्ये पहाटे साडेपाचच्या आधी जन्मलेलं प्रत्येक मूल एक दिवसाने मोठं होईल. आपल्या खात्यातल्या कितीतरी तारखा बदलाव्या लागतील."

वेंकटरमण प्रथमच हसले. "माझी स्वतःची. पहाटे चार," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारले की शाळेच्या फॉर्मवर सही कोणाची. माझी, मी सांगितले. चूक माझी, मुलीची नाही, तिच्या आईचीही नाही. ते म्हणाले, तसे लिहून द्या. मी तिथेच बाकावर बसून दोन घड्याळांची हकिकत आणि सही माझी असल्याचे लिहिले, आणि शेवटी: गणित बरोबर होते. ते कुठे वापरायचे हे मला कळले नाही. शेवटचे वाक्य त्यांनी खोडायला सांगितले. कचेरीला एवढे लागत नाही, म्हणाले. मी त्याआधीचेही खोडले. उरले ते फक्त घड्याळांचे आणि माझ्या सहीचे.

मुदतीच्या चार दिवस आधी एस.एस.एल.सी.चे पुस्तक परत आले. १ वर लाल शाईची रेघ, शेजारी २, आणि शिक्का.

भवानीने अर्ज भरला आणि टाकण्याआधी तपासायला माझ्याकडे दिला. जन्मतारखेच्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पेन हातात होते. मग ते टोपण लावून बाजूला ठेवले आणि म्हणालो, "बरोबर आहे."

ती पोस्टात गेल्यावर पत्रिका काढली, आणि ११.२० च्या पुढे लहान अक्षरात लिहिले: भारतीय वेळ. जन्म रंगूनचा, तिथे दोन तारीख.