काकांचं खातं, काकूंचं सिम

शिंपीकाकांच्या नव्या फोनात लेकीने जुन्यातलं सगळं उतरवलं. बँकेचं ॲपही आलं, पण ते काकांना ओळखच दाखवेना. पुन्हा नोंदणी मागू लागलं.

"वीस वर्षांचा खातेदार आहे मी," काका करवादले.

"ॲप या फोनमधल्या सिमवरून बँकेला मेसेज पाठवतं, बाबा. तो खात्याला जोडलेल्या नंबरावरून आला, तरच नवा फोन मान्य. म्हणजे चोराचं नुसत्या पासवर्डवर भागत नाही."

मेसेज गेला, पण नंबर जुळला नाही. काका सारखा फोन हरवायचे, म्हणून खात्याला काकूंचा नंबर दिला होता.

"तुझं सिम देतेस जरा?" काका काकूंना गोडीगुलाबीने म्हणाले.

"पूर्वीसारखं जरा नाही, आता ते याच फोनात राहायला हवं," लेक म्हणाली.

काकूंनी चष्मा लावून नवा फोन न्याहाळला. "राहू दे की. हा मी वापरते. तुम्ही माझा जुना घ्या, हरवला तरी चालेल."