उघडं टोपण

पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात डिझाइनवाल्याला सगळे घाईराव म्हणत. जन्माच्या वेळी नर्स ‘मुलगा’ म्हणायच्या आत यानेच रडून ती बातमी फोडली होती, अशी ख्याती. बैठकीत दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करणं ही तो समाजसेवा समजे.

सोमवारी तपासणीच्या बाई म्हणाल्या, “थंड पाण्यात एकही पंप गळला नाही,” आणि श्वास घ्यायला थांबल्या. घाईराव म्हणाला, “म्हणजे पाठवायला मोकळे!” इतिवृत्तात तेच उतरलं, बाईंच्या नावावर. गरम पाण्यात पन्नासांपैकी सात गळले होते, ते पोटातच राहिलं. टिपण त्यांनी पाठवलं होतं, पण बैठकांमुळे मॅनेजरसाहेबांना वाचायला सवड नव्हती. शुक्रवारी दोन हजार पंपांचा माल निघणार होता.

चारचौघांत फटकारावं असं बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण अपमान झालेला माणूस ऐकत नाही, नुसता हिशेब चुकता करतो. गुरुवारी सकाळी, बैठकीच्या तासभर आधी, त्यांनी त्याला चाचणीखोलीत एकट्याला गाठलं.

“तुमच्या सूचना कामाच्या असतात,” बाई म्हणाल्या. “पण सोमवारी माझं वाक्य…”

“लांबलं, कळलं. आटोपतं घेत जा.”

बाईंनी मनात दहा आकडे मोजले.

“अर्ध्यात तुटलं. गरम पाण्याची गळती सांगायची राहिली आणि इतिवृत्तात चूक गेली. माझं संपेपर्यंत थांबाल का? आणि माझंही काही चुकत असेल तर सांगा.”

घाईरावने पहिल्यांदाच वाक्य संपू दिलं. मग ओशाळून म्हणाला, “बाई, तुम्ही थांबता ना, तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल. मला वाटतं, झालं तुमचं.”

हे बाईंना त्यांच्या नवऱ्यानेही सांगितलं होतं. शेवटी ठरलं: बाईंच्या पेनाचं टोपण उघडं, तोवर त्यांचं बोलणं चालू.

बैठकीत बाई पहिल्याच वाक्यावर थांबल्या. घाईराव टेबल घट्ट धरून इतका लाल झाला की साहेबांनी त्याच्यासाठी पाणी मागवलं. बाईंनी सातही पंपांची गळती सांगून संपवली, टोपण लावलं. माल थांबला.

मग घाईरावने विचारलं, “त्या सातांच्या रबरी चकत्या…”

“चाचणी अगदी नीट झालीये, उगाच शंका…” बाई उसळल्या.

घाईरावने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि अलगद त्यांच्यापुढे ठेवलं. बाईंनी ओठ मिटले.

“…एकाच खेपेतल्या होत्या का?”

बाईंनी नोंदवही उघडली. सातही एकाच खेपेतल्या. ती खेप तीनशेच पंपांत बसवली होती, म्हणजे दोन हजारांऐवजी तेवढेच खोलायचे होते.

सोमवारची चूक दुरुस्त झाली. नव्या इतिवृत्ताच्या तळाशी कारकुनाने लिहिलं: बैठक वीस मिनिटं लवकर संपली. कारण समजलं नाही.